न दिसणाऱ्या रांगेवरचा पहारा

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कंपनीच्या अमेरिकेतील नेटवर्कमध्ये एक साधे देखभालीचे काम चालू होते. बिघडू लागलेले एक ऑप्टिकल उपकरण बदलायचे होते. ते करताना पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरशी असलेला संपर्क तुटला आणि ४३ सेकंदांत पुन्हा जुळला. तेवढ्या वेळात डेटाबेसचा मुख्य कारभार देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता आणि दोन्ही टोकांना काही नोंदी अशा राहिल्या, की ज्या एकमेकांशी जुळत नव्हत्या. माहिती सुरक्षित राहावी म्हणून कंपनीने काही कामे मुद्दाम थांबवली. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

थांबवलेल्या कामांत एक होते वेबहूक पाठवण्याचे. कुणी कोडमध्ये बदल केला, की गिटहब दुसऱ्या कंपन्यांच्या संगणकांना तसा निरोप पाठवते. त्याला वेबहूक म्हणतात. कारभार पूर्वपदावर येऊ लागला तेव्हा असे ५० लाखांहून अधिक निरोप रांगेत साचलेले होते आणि संकेतस्थळे बांधण्याची ८० हजार कामे त्यांच्या जोडीला होती. रांग उपसायला सुरुवात झाल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुमारे २ लाख निरोपांची अंतर्गत मुदत रांगेत वाट पाहण्यातच संपली होती आणि ते पोचण्याऐवजी टाकून दिले गेले होते. कंपनीने उपसा थांबवला, मुदत वाढवली आणि मगच काम पुढे नेले. हा सगळा तपशील गिटहबने स्वतःच जाहीर केला.

इथे रांग तुंबली आहे हे सर्वांना ठाऊक होते. बहुतेक ठिकाणी ते ठाऊकच नसते. रांगेचे हे काम पडद्यामागे चालते आणि ती वाढू लागली, तरी वरवर सगळे सुरळीत दिसत राहते. म्हणून रांगेची लांबी ठरावीक अंतराने मोजणे आणि ती सतत वाढत असेल तर माणसाला उठवणे, हे एक वेगळे काम होऊन बसते. ऐकायला ते सोपे वाटते. पण कोणता आकडा मोजायचा आणि घंटा नेमकी केव्हा वाजवायची, याची उत्तरे पहिल्या अंदाजाने चुकतात.

रांग असते तरी कशासाठी?

ऑनलाइन खरेदी करताना ‘पैसे भरा’ हे बटण दाबले, की एका क्षणात ‘ऑर्डर नोंदली’ असे पडद्यावर येते. पावतीचा ई-मेल, मोबाइलवरचा एसएमएस, गोदामाला जाणारी सूचना, ही कामे त्या क्षणी झालेली नसतात. दुकानाचा सर्व्हर त्या प्रत्येक कामाची चिठ्ठी एका रांगेत टाकतो आणि ग्राहकाला मोकळे करतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला ‘वर्कर’ म्हणवणारे छोटे प्रोग्राम बसलेले असतात. ते एकेक चिठ्ठी उचलतात, काम उरकतात आणि झाल्याची पोच देतात. पोच मिळाली की रांग ती चिठ्ठी कायमची काढून टाकते.

ही रांग सांभाळणारी सॉफ्टवेअर ठरलेली आहेत. २००७ साली आलेले रॅबिटएमक्यू जगभर वापरले जाते. लिंक्डइनमध्ये घडलेले आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले काफ्का मोठ्या प्रवाहांसाठी वापरतात. स्वतःचा सर्व्हर नको असेल, तर ॲमेझॉनची एसक्यूएस ही सेवा भाड्याने मिळते.

रांगेचा फायदा असा, की दोन्ही टोकांचा वेग सारखा असण्याची गरज उरत नाही. संध्याकाळी अचानक गर्दी झाली तर चिठ्ठ्या थोडा वेळ साचतात, गर्दी ओसरली की वर्कर त्या उरकून टाकतात. ग्राहकाला यातले काही कळत नाही. पण याच सोयीमुळे बिघाडही झाकला जातो. सगळे वर्कर बंद पडले तरी दुकान चालूच राहते, ऑर्डरी नोंदल्या जातात, संकेतस्थळ झटपट उघडते. सर्व्हरवरचा भार उलट कमी दिसतो, कारण काम करणारेच कुणी नसते. नेहमीची देखरेख सगळीकडे हिरवा दिवा दाखवते. पहिली तक्रार येते ती ग्राहकाकडून आणि तोवर तासभर उलटून गेलेला असतो.

एका नजरेत काय दिसते

रॅबिटएमक्यूच्या सर्व्हरवर रांगांची स्थिती पाहायला एक ओळ पुरते:

```
rabbitmqctl list_queues name messages_ready messages_unacknowledged consumers
```

उत्तर म्हणून प्रत्येक रांगेचे नाव आणि तीन आकडे येतात. समजा ते असे आले:

```
sms_out     2360   40   4
invoice        0  500   2
newsletter  9100    0   0
```

पहिला आकडा, `messages_ready`, म्हणजे अजून कुणीही न उचललेल्या चिठ्ठ्या. दुसरा, `messages_unacknowledged`, म्हणजे वर्करच्या हाती दिलेल्या, पण ज्यांची पोच अजून आलेली नाही अशा. तिसरा, `consumers`, म्हणजे रांगेला जोडलेले वर्कर.

या तीन ओळींतील रांगांची दुखणी तीन तऱ्हेची आहेत. `newsletter` रांगेत ९,१०० चिठ्ठ्या आहेत आणि वर्कर एकही नाही. तो बंद पडला असेल किंवा अजून सुरूच केलेला नसेल. `invoice` रांग वरवर रिकामी वाटते, कारण वाट पाहणारी चिठ्ठी शून्य आहे. पण ५०० चिठ्ठ्या दोन वर्करनी हाती धरून ठेवल्या आहेत आणि पोच देत नाहीत. असे वर्कर बहुधा पलीकडच्या कुठल्यातरी उत्तराची वाट पाहत अडकलेले असतात. फक्त पहिला आकडा मोजणाऱ्याला ही अडचण दिसणारच नाही. म्हणून लांबी मोजताना दोन्ही आकड्यांची बेरीज घेतात. रॅबिटएमक्यूमध्ये ती `messages` या नावाने तयारच मिळते.

उरली `sms_out`. तिच्यात एकूण २,४०० चिठ्ठ्या आहेत आणि चार वर्कर कामावर आहेत. ही रांग ठीक आहे की आजारी, हे या एका वेळच्या मोजमापावरून सांगता येत नाही.

पावसाळ्यात कोयना किंवा जायकवाडी धरणाची बातमी वाचताना नुसता पाणीसाठा वाचून कुणी थांबत नाही. आवक किती आणि विसर्ग किती, हेही पाहिले जाते, कारण साठा उद्या कुठे असेल ते त्या दोन आकड्यांच्या फरकावर ठरते. चिठ्ठ्यांच्या रांगेतही लांबी म्हणजे केवळ आत्ताचा साठा. ती पुढे कुठे चालली आहे हे कळायला लागोपाठची मोजमापे हवीत.

सात वाजता सुरू झालेली गोष्ट

`sms_out` चा हिशेब एका नमुन्यावर करून पाहू. दुकानाचे चार वर्कर आहेत. एक एसएमएस पाठवायला पाव सेकंदाहून कमी, म्हणजे ०.२ सेकंद लागतात. म्हणून एक वर्कर सेकंदाला ५ आणि चौघे मिळून २० एसएमएस पाठवतात. संध्याकाळची आवक सेकंदाला १२ आहे. क्षमता आवकेपेक्षा बरीच जास्त असल्याने रांग जवळजवळ रिकामी असते.

सात वाजता एसएमएस पोचवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर मंदावतो. बंद पडत नाही, नुसता मंदावतो. एका एसएमएसला आता अर्धा सेकंद लागतो. चार वर्कर मिळून सेकंदाला ८ एसएमएस पाठवू लागतात आणि आवक मात्र १२ च राहते. दर सेकंदाला ४, दर मिनिटाला २४० चिठ्ठ्या मागे पडतात. सात वाजून पाच मिनिटांनी रांगेत १,२०० चिठ्ठ्या, दहा मिनिटांनी २,४००, पंधरा मिनिटांनी ३,६००.

बहुतेक ठिकाणी पहिला नियम बसवला जातो तो लांबीच्या मर्यादेचा: १० हजारांच्या वर गेली, की घंटा वाजवा. या हिशेबाने ती घंटा ७ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास वाजेल. त्या वेळी रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या चिठ्ठीपुढे १० हजार चिठ्ठ्या आहेत आणि वेग सेकंदाला ८ आहे. म्हणजे तिला सुमारे २१ मिनिटे थांबावे लागेल. यातले काही एसएमएस ओटीपीचे असतील आणि त्यांची मुदत १० मिनिटांची असेल, तर ते पोचेपर्यंत निरुपयोगी झालेले असतील. १० मिनिटांचा खोळंबा होण्यासाठी ४,८०० चिठ्ठ्या पुरतात आणि तो टप्पा ७ वाजून २० मिनिटांनीच ओलांडला गेला. घंटा वाजली ती नुकसान सुरू झाल्यानंतर २२ मिनिटांनी.

मग मर्यादा १० हजारांवरून हजारावर आणली तर? ओटीपीसाठी ते बरे, पण त्याच दुकानाची एक दुसरी रांग पाहा. रात्री दोन वाजता ४० हजार ग्राहकांना जाहिरातीचे ई-मेल जातात. त्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम रांगेत पडतात आणि सेकंदाला २० या वेगाने अर्ध्या तासापेक्षा थोड्या जास्त वेळात संपतात. हे सगळे ठरल्याप्रमाणेच आहे. तरीही लांबीची घंटा रोज रात्री दोन वाजता कुणाला तरी झोपेतून उठवेल. आठवडाभर असे झाले, की ती व्यक्ती घंटा बंद करून ठेवते आणि ज्या रात्री खरोखर काही बिघडते त्या रात्रीही ती बंदच असते.

सर्वांत कमी आकडा काय सांगतो

दोन्ही रांगांना लागू पडेल असा नियम शोधताना एक उलटा विचार उपयोगी पडतो. रांग किती वाढली याकडे न पाहता ती किती खाली आली होती, हे पाहायचे. निरोगी रांग गर्दीत फुगते, पण मधूनमधून रिकामी किंवा जवळजवळ रिकामी होते. आजारी रांग तशी होत नाही. म्हणून ठरावीक कालावधीतला सर्वांत कमी आकडा घ्यायचा आणि तो त्याआधीच्या तेवढ्याच कालावधीतल्या सर्वांत कमी आकड्याशी ताडून पाहायचा. क्षणिक गर्दीचा या आकड्यावर परिणाम होत नाही. तो वर सरकू लागला तर रांग खरोखर तुंबते आहे.

हाच विचार संगणक नेटवर्कमध्ये आधीच रुजलेला आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये राउटरमधील रांगांसाठी कोडेल नावाची पद्धत मांडली. राउटरमध्ये डेटाची पाकिटे साचतात तेव्हा थोडे साचणे चांगले आणि सतत साचून राहणे वाईट. पण या दोन्हींत फरक कसा करायचा? त्यांनी सरासरी घेतली नाही आणि सर्वांत मोठा आकडाही घेतला नाही. १०० मिलिसेकंदांच्या काळात पाकिटांना थांबावे लागलेला सर्वांत कमी वेळ त्यांनी पाहिला. तो कमीत कमी वेळही ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर रांग बिघडली असे ठरते.

काफ्कासाठी लिंक्डइनने २०१५ मध्ये खुले केलेले बरो हे देखरेखीचे सॉफ्टवेअरही याच वाटेने जाते. ते ठरावीक मर्यादा मागत नाही. वर्कर किती मागे आहे याच्या अलीकडच्या नोंदींची खिडकी ते तपासते. त्या खिडकीत एकदाही वर्करने पूर्ण गाठ घेतली असेल, म्हणजे मागे राहिलेल्या चिठ्ठ्या शून्य झाल्या असतील, तर सगळे ठीक. वर्कर पुढे सरकतो आहे, पण अंतर वाढतच चालले आहे, तर इशारा. चिठ्ठ्या बाकी असूनही वर्कर जागचा हललेलाच नाही, तर तो अडकला आहे असा निष्कर्ष.

रॅबिटएमक्यूसाठी असा नियम प्रोमेथिअस या देखरेख-सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतो. प्रोमेथिअस ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, समजा दर मिनिटाला, रांगेकडून आकडे गोळा करते आणि साठवते. नियम असा:

```
min_over_time(rabbitmq_queue_messages[15m])
  > min_over_time(rabbitmq_queue_messages[15m] offset 15m) + 100
and deriv(rabbitmq_queue_messages[15m]) > 0
```

पहिल्या दोन ओळींचा अर्थ: गेल्या १५ मिनिटांतील सर्वांत कमी लांबी ही त्याआधीच्या १५ मिनिटांतील सर्वांत कमी लांबीपेक्षा १०० हून अधिक वर आहे. शंभराची ही फट किरकोळ चढउतार सोडून देण्यासाठी ठेवली आहे. तिसऱ्या ओळीचा अर्थ: आणि रांग अजून वाढतच आहे. ही तिसरी अट रात्रीच्या ई-मेलसाठी हवी. दोन वाजून १६ मिनिटांनी त्या रांगेत वीस हजारांवर चिठ्ठ्या उरलेल्या असतात, म्हणजे सर्वांत कमी आकडा चढलेलाच असतो; पण रांग भराभर उतरत असते. म्हणून घंटा वाजत नाही आणि झोपलेला माणूस झोपेतच राहतो.

आता हाच नियम `sms_out` ला लावू. सात वाजेपर्यंत तिचा तळ शून्याच्या आसपास होता. ७ वाजून १६ मिनिटांनी मागच्या १५ मिनिटांतली सर्वांत कमी नोंद २४० च्या घरात पोचते आणि घंटा वाजते. त्या वेळी रांगेत ३,८४० चिठ्ठ्या आहेत आणि शेवटच्या चिठ्ठीचा खोळंबा ८ मिनिटांचा आहे. ओटीपीची मुदत अजून संपलेली नाही, पण हाती फार वेळही उरलेला नाही. म्हणून अशा घाईच्या रांगेसाठी खिडकी ५ मिनिटांची करतात. मग घंटा ७ वाजून ६ मिनिटांनी वाजते, तेव्हा खोळंबा ३ मिनिटांचाच असतो. रात्रीच्या अहवालांच्या रांगेला तासाभराची खिडकीही चालते.

हे बसवताना एक जागा सांभाळावी लागते. रॅबिटएमक्यू प्रोमेथिअसला नेहमीच्या `/metrics` या पत्त्यावर सगळ्या रांगांची बेरीज देते. त्या बेरजेत एका छोट्या रांगेचे दुखणे बुडून जाते. प्रत्येक रांगेचा वेगळा आकडा हवा असेल, तर `/metrics/per-object` हा पत्ता वापरावा लागतो.

लांबीपेक्षा वाट पाहण्याची वेळ

वाढीचा नियम एका प्रसंगी मुका राहतो. समजा रांग ५० हजारांवर पोचली आणि मग आवक कमी होऊन उपशाच्या बरोबरीची झाली. आता रांग वाढत नाही, कमीही होत नाही. तळ स्थिर आहे, चढ शून्य आहे. घंटा थांबते, पण प्रत्येक नवी चिठ्ठी त्या ५० हजारांच्या मागे उभी राहते.

म्हणून दुसरा पहारा वेळेवर ठेवावा लागतो: रांगेतली सर्वांत जुनी चिठ्ठी किती वेळ थांबली आहे? ॲमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये हा आकडा `ApproximateAgeOfOldestMessage` या नावाने तयारच मिळतो. तिथे तो पाहण्याला आणखी एक कारण आहे. एसक्यूएस चिठ्ठी आपणहून ठेवते ती ४ दिवस आणि मुदत वाढवून घेतली तरी जास्तीत जास्त १४ दिवस. त्यानंतर चिठ्ठी नाहीशी होते. लांब सुटीच्या आदल्या संध्याकाळी वर्कर बंद पडला आणि कुणी पाहिलेच नाही, तर परत आल्यावर रांग काहीशी आखूड दिसू शकते. चिठ्ठ्या निकाली निघाल्या म्हणून नव्हे, तर मुदत संपून गळाल्या म्हणून.

जिथे वय थेट मिळत नाही तिथे अंदाज काढता येतो. लांबीला उपशाच्या वेगाने भागले, की नव्या चिठ्ठीला किती थांबावे लागेल ते कळते. वरच्या उदाहरणात ४,८०० ला ८ ने भागून ६०० सेकंद आले, ते असेच. रांगेची सरासरी लांबी, आवकेचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांच्यातील हे नाते गणिताने पक्के केले ते जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये आणि आजही ते लिटलचा नियम म्हणून ओळखले जाते. आणखी एक व्यवहारी उपाय म्हणजे दर मिनिटाला एक खोटी चिठ्ठी रांगेत टाकायची आणि ती दुसऱ्या टोकाला किती वेळाने निघते ते मोजायचे.

वेळ मोजल्याने मर्यादा ठरवणेही सोपे होते. ‘किती चिठ्ठ्या साचलेल्या चालतील?’ याचे उत्तर दुकानातले कुणी देऊ शकत नाही. ‘ओटीपी किती उशिरा पोचलेला चालेल?’ याचे उत्तर सगळे देतात.

घंटा वाजल्यावर

नुसते ‘रांग मोठी झाली’ असे सांगणारा निरोप मध्यरात्री उठलेल्या माणसाच्या कामाचा नसतो. रांगेचे नाव, वाट पाहणाऱ्या आणि अडकलेल्या चिठ्ठ्या, जोडलेले वर्कर, दर मिनिटाची वाढ आणि सर्वांत जुन्या चिठ्ठीचे वय, एवढे त्या निरोपात असले, तर पहिले पाऊल तिथेच ठरते. वर्कर शून्य असतील तर ते का पडले ते पाहून पुन्हा सुरू करायचे. वर्कर आहेत आणि चिठ्ठ्या त्यांच्याच हातात अडकल्या आहेत, तर त्यांच्या पलीकडे पाहायचे: डेटाबेस, एसएमएसची कंपनी, बँक. कधीकधी एकच बिघडलेली चिठ्ठी वर्करला पाडते, रांगेत परत जाते आणि पुढच्या वर्करलाही पाडते. तिला बाजूला काढण्यासाठी वेगळी रांग ठेवतात.

पहिल्या झटक्यात सुचणारा उपाय म्हणजे वर्कर वाढवणे. वर्करच कमी पडत असतील तर तो बरोबर आहे. पण मंदावलेला डेटाबेस हे कारण असेल, तर दुप्पट वर्कर म्हणजे त्याच्यावर दुप्पट मारा आणि तो आणखी मंदावतो.

रांग तुंबू दिली तर काय होते, हे स्लॅक या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये सविस्तर लिहिले. कार्यालयांमध्ये संवादासाठी वापरल्या जाणाऱ्या या सेवेत तेव्हा सर्वांत गर्दीच्या दिवशी १४० कोटींहून अधिक कामे रांगेतून जात आणि गर्दीच्या वेळी सेकंदाला ३३ हजार. रांग रेडिस या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीत, ठेवलेली होती. एकदा डेटाबेसवर ताण आला, कामे हळू उरकू लागली आणि रांग वाढत वाढत मेमरीच्या मर्यादेला टेकली. नवी कामे रांगेत टाकता येईनात. त्याहून बिकट गोष्ट अशी, की रांगेतून काम बाहेर काढायलाही थोडी मोकळी मेमरी लागत होती आणि तीच उरली नव्हती. त्यामुळे मूळचा डेटाबेसचा ताण निवळल्यावरही रांग कुलूप लागल्यासारखी बंद राहिली आणि ती माणसांना हाताने मोकळी करावी लागली. पुढे स्लॅकने रेडिसच्या अलीकडे काफ्का बसवले, म्हणजे साचलेली कामे डिस्कवर टिकतील.

बिघाड दुरुस्त झाला तरी रांग लगेच संपत नाही. `sms_out` चा सर्व्हर ७ वाजून ४२ मिनिटांनी पूर्ववत झाला असे धरले, तर उपसा सेकंदाला २० आणि आवक १२. रांग सेकंदाला ८ ने घटेल आणि १० हजार चिठ्ठ्या संपायला आणखी २१ मिनिटे लागतील. त्या वेळात नवा ओटीपी मागणारा ग्राहक मुदत संपलेल्या जुन्या ओटीपींच्या मागे उभा असेल. त्यावर उपाय म्हणजे ज्या चिठ्ठीला उशिरा पोचून अर्थ नाही, तिच्यावर रांगेत टाकतानाच मुदत लिहिणे. रॅबिटएमक्यूमध्ये रांगेला `x-message-ttl` ही अट लावता येते आणि मुदत संपलेल्या चिठ्ठ्या आपोआप गळतात. पावतीच्या चिठ्ठीला मात्र अशी मुदत लावू नये, कारण ती उशिरा पोचली तरी हवीच असते. गिटहबचे २ लाख निरोप अशाच एका मुदतीमुळे गेले होते. म्हणून ओटीपी आणि पावत्या एका रांगेत ठेवणेच चुकीचे.

पहारेकऱ्यावर पहारा

मोजणारी व्यवस्थाही बंद पडते. सर्व्हरवर जागा संपते, पासवर्ड बदलतो, वेळापत्रकाने चालणारी क्रॉनची ओळ कुणीतरी सर्व्हर बदलताना विसरून जाते. त्यानंतर घंटा वाजत नाही आणि ती शांतता सगळे ठीक असल्यासारखीच भासते. म्हणून ‘मोजता आले नाही’ ही अवस्था ‘ठीक आहे’ पासून वेगळी ठेवावी लागते. नागिओस या जुन्या देखरेख-सॉफ्टवेअरने हे सुरुवातीपासून पाळले आहे. तिथे तपासणीची चार उत्तरे असतात: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे माहीत नाही. जोडीला आणखी एक पद्धत वापरतात. तपासणी प्रत्येक वेळी दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणच्या सेवेला ‘मी जागा आहे’ असे कळवते आणि ते कळवणे थांबले, की ती दुसरी सेवा घंटा वाजवते.

रिकामी रांगही कधीकधी फसवते. चिठ्ठ्या टाकणारा प्रोग्रामच बंद पडला, तर रांग शून्यावर येऊन शांत बसते आणि वाढीवर नजर ठेवणारा कुठलाही नियम ते पकडू शकत नाही. कामाच्या वेळेत १५ मिनिटांत एकही नवी चिठ्ठी आली नाही, तर तेही कळायला हवे. त्यासाठी लांबीबरोबर आवकेचीही नोंद ठेवतात.

ज्यांच्या संस्थेत, दुकानात किंवा बँकेत अशी रांग चालते, त्यांनी नियम लिहून झाला म्हणजे काम झाले असे समजू नये. चाचणीच्या सर्व्हरवर एखाद्या दुपारी वर्कर मुद्दाम बंद करावेत, चिठ्ठ्या टाकत राहाव्यात आणि घड्याळ लावून पाहावे: घंटा किती मिनिटांनी वाजते, ती योग्य माणसाच्या फोनवर वाजते का आणि आलेला निरोप वाचून त्याला पुढे काय करायचे ते कळते का. घंटा वाजेपर्यंत चिठ्ठीच्या मुदतीचा निम्म्याहून अधिक वेळ गेला असेल, तर खिडकी लहान करावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी. वर्करच्या प्रोग्राममध्ये मोठा बदल झाला, की ही चाचणी पुन्हा एकदा करावी, कारण उपशाचा वेग बदलला की जुने हिशेब लागू राहत नाहीत.